उत्तरेच्या गॅलरीत शेवंती?

> गॅलरीतल्या बागेचं थ्रीडी चित्र आलंय. कुंड्या त्यावरूनच घेऊ का?

आधी चित्रातल्या सावल्या बघा. दारव्ह्याकडे माझ्या जाऊबाईंचं घर बांधणं सुरू आहे. चित्र झकास होतं: शेवंती फुललेली, रेलिंगच्या गजांची सावली फरशीवरून थेट भिंतीपर्यंत आलेली. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "काहो, गॅलरी तर उत्तरेला हाय. शेवंतीच्या दिवसांत इकडून ऊन कुठून आलं?"

बरोबरच होतं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य भरदुपारीही दक्षिणेला साधारण ४६ अंशांवरच असतो, त्यामुळे उत्तरेची गॅलरी दिवसभर घराच्याच सावलीत. चित्र काढणाऱ्या पोराने उत्तर दिशा लावलीच नव्हती, ऊन नुसतं शोभेला टाकलेलं. (बरेच जण हेच करतात.)

गाव, उत्तर दिशा आणि २१ डिसेंबर, दुपारी १२ अशी वेळ घालून चित्र पुन्हा काढायला लावलं, तर गॅलरीत उन्हाचा कवडसाही नाही. शेवंती गच्चीवर गेली, खाली मनीप्लांट आणि स्नेक प्लांट ठरले.

तुम्ही २१ जून, संध्याकाळी ५ चंही मागवा. उन्हाळ्यात सूर्य वायव्येला मावळतो, तेव्हा याच गॅलरीत तिरपं ऊन घुसतं. मे महिन्यात त्याने सावलीतली झाडं करपतात, म्हणून हिरव्या नेटसाठी हूक आत्ताच बसवून घ्या.