फोटोंना कॅप्शन लिहिण्यात आता अर्थ आहे का?

डार्करूम
वडिलांचा नवी पेठेत स्टुडिओ होता. निगेटिव्ह स्कॅन करून ४१,००० फोटो झालेत, एकालाही कॅप्शन नाही. भाच्यानं लॅपटॉपवर क्लिप मॉडेल बसवून दिलं. 'तळ्याकाठची संध्याकाळ' असं लिहिलं की सिद्धेश्वर तळ्याचे फोटो समोर येतात. दोन पोरं वर्षभर बसवून कॅप्शन लिहून घ्यायचा बेत होता. आता मला वाटतं, ते पैसे वाया जातील. तुमचं मत काय?

शेंगा_चटणी
शंभर टक्के वाया. ते मॉडेल प्रत्येक फोटो बघून आतल्या आत कॅप्शन लिहून ठेवतं आणि तुम्ही टाकलेले शब्द त्यात शोधतं. काम झालेलंच आहे की ओ, पुन्हा हातानं कशाला करायचं?

जुनी_कार्डं
मी तीस वर्षं ग्रंथालयात कार्डं लिहिली, त्यामुळे माझं मत आधीच ओळखाल. पण एक प्रयोग करा. त्याला 'बर्फात उभा असलेला उंट' शोधायला सांगा. सोलापुरातल्या तुमच्या फोटोंत तो नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ते काय म्हणतं बघा. कपाटात कार्ड नसलं तर मी 'नाही' म्हणायचे.

डार्करूम
केला प्रयोग. पहिला आला चुन्याच्या ढिगाशेजारचा बैल. 'नाही' असं काही म्हणालं नाही.

जकार्ड
म्हणणार नाही. शेंगा_चटणी, तुमच्या समजुतीतला एक भाग बरोबर आहे: फोटोंचं काम आधीच होऊन पडलेलं असतं. पण आत कॅप्शन लिहिलेलं नसतं, एक शब्दही नसतो. बी-३२ आकाराच्या क्लिपमध्ये प्रत्येक फोटोचे ५१२ आकडे होतात, वाक्याचेही ५१२ आकडे होतात, आणि दोन्ही एकाच अवकाशातले बिंदू धरून कोण कोणाच्या दिशेला आहे एवढंच मोजतात. ४१,००० फोटोंचे हे आकडे मिळून ८४ एमबीच्या आसपास जागा घेतात. त्यासाठी वेगळा डेटाबेसही लागत नाही, साध्या लॅपटॉपवर सगळ्यांशी तुलना डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. पण तुलना म्हणजे फक्त क्रम लावणं. कोणीतरी पहिला येणारच, मग तो चुन्याजवळचा बैल का असेना.

आणि शेजारी दिसणारा ०.२८ वगैरे आकडा म्हणजे '२८ टक्के खात्री' नव्हे. या मॉडेलमध्ये वाक्य आणि फोटो अगदी नेमके जुळले तरी आकडा साधारण ०.३ च्या आसपासच राहतो. बैलाला किती आला होता?

डार्करूम
०.२४. आणि तळ्याच्या खऱ्या फोटोंना ०.२७, ०.२९.

आता माझी खरी अडचण सांगतो. वडिलांनी गड्ड्याच्या जत्रेचे फोटो वर्षानुवर्षं काढले. 'नंदीध्वज' असं लिहून शोधलं, तर शाळेतलं १५ ऑगस्टचं झेंडावंदन आलं आणि देवळातला दगडी नंदी आला. नंदीध्वजाची उंच सजवलेली काठी पेलणारे लोक कुठल्या कुठे मागे. भाचा म्हणतो मोठं मॉडेल घेऊ.

आत्या_विजापूर_रोड
माझंही असंच होतं बाई. फोनमध्ये धाकट्या जावेचं नाव टाकलं, तर तिच्या नावाचा एकही फोटो नाही. लग्नात तर शंभर काढलेत. हे क्लिप टाकलं की जाऊबाई सापडतील का?

जकार्ड
आत्या, नाही सापडणार. तुमच्या जाऊबाईंचं नाव त्यानं कुठे वाचलेलंच नाही. 'हिरव्या शालूतली बाई' म्हटलंत तर बऱ्याच हिरव्या शालूतल्या बायका येतील. चेहरा ओळखणं वेगळ्या मॉडेलचं काम, आणि त्यालाही एकदा कोणीतरी सांगावं लागतं की ही अमुक.

डार्करूम, मोठं मॉडेल घ्यायच्या आधी दोन गोष्टी विचारतो. मराठीतून शोधता म्हणजे वाक्यांसाठी `clip-ViT-B-32-multilingual-v1` घेतलंय का? आणि नंदीध्वजाचे फोटो उभे आहेत की आडवे?

डार्करूम
हो, तेच. आणि उभेच. काठी एवढी उंच, आडव्या फ्रेममध्ये मावणार कशी?

जकार्ड
मग दोन्ही गाठी तिथेच आहेत.

पहिली गाठ फोटोची. क्लिप ४९ चौकटींचा, २२४ गुणिले २२४ पिक्सेलचा चौरस बघतं. नेहमीच्या तयारीत फोटोची लहान बाजू २२४ करतात आणि मधला चौरस कापून घेतात. तुमचा उभा फोटो २:३ असेल, तर उंची होते ३३६. म्हणजे वरून ५६ आणि खालून ५६ पिक्सेल उडाले. नंदीध्वजाचा शेंडा गेला, पेलणाऱ्याचे पाय गेले, उरली गर्दी आणि मधून गेलेला एक बांबू. मॉडेलला झेंडा दिसलाच नाही, तर ते कुठून शोधणार? कापण्याऐवजी दोन्ही बाजूंना करडी पट्टी लावून फोटो चौरस करा आणि आकडे नव्यानं काढा. यात नुकसानही आहे: फोटो त्यामुळे आणखी लहान होतो, गर्दीतला लांबचा चेहरा वगैरे पार विरघळतो. म्हणून मी उभ्या फोटोंचे दोन्ही प्रकारे आकडे ठेवतो आणि ज्याचा गुण जास्त तो धरतो.

दुसरी गाठ शब्दाची. ओपनएआयनं २०२१ मध्ये आणलेलं मूळ क्लिप इंटरनेटवरच्या ४० कोटी फोटो-वाक्यांच्या जोड्यांवर शिकलं, आणि ती वाक्यं इंग्रजी. तुमचं बहुभाषिक मॉडेल फोटो बघून मराठी शिकलेलं नाही. इंग्रजी वाक्य ज्या बिंदूवर पडतं, त्याच बिंदूवर त्याचं भाषांतर पाडायला त्याला शिकवलंय. 'नंदीध्वज'ला इंग्रजीत जागाच नाही. मग ते शब्दाचे तुकडे करतं: नंदी आणि ध्वज. तुम्हाला नंदी मिळाला, ध्वज मिळाला. त्याच्या हिशेबानं ते चुकलेलं नाही!

नाव विसरा, दिसतं ते लिहा: 'पांढऱ्या कपड्यातला माणूस उंच सजवलेला खांब उभा धरून, भोवती गर्दी'. बाराबंदी हा शब्दही टाळा.

शेंगा_चटणी
म्हणजे सोलापूरकरानं सोलापूरची जत्रा परदेशी पाहुण्याला सांगितल्यासारखी सांगायची. वा.

जुनी_कार्डं
शेंगा_चटणी, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

डार्करूम
पट्टी लावली, वाक्य बदललं. मोजायचं म्हणून दोन हजार फोटोंचा एक गठ्ठा आधी स्वतः बघून घेतला. त्यात नंदीध्वजाचे ६० निघाले. जुन्या पद्धतीनं पहिल्या ६० मध्ये ९ आले होते. आता २६. बाकीच्यांत मांडवाचे खांब, विजेचे खांब, आणि एक बॅंडवाला.

मग हौस म्हणून 'गर्दी नसलेलं तळं' शोधलं. पहिले दहाच्या दहा तुडुंब गर्दीचे.

जकार्ड
'नसलेलं' त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. कारण शिकवण्याच्या पद्धतीतच आहे. एका वेळी ३२,७६८ जोड्या समोर ठेवायच्या. प्रत्येक फोटोला त्याचं वाक्य जवळ ओढायचं, बाकी सगळी दूर ढकलायची. आता तुमच्या तळ्याच्या फोटोसमोर बाकीची वाक्यं कसली असतील? पिझ्झा, मोटारी, मांजरं. त्यांच्यातून आपलं वाक्य ओळखायला 'तळं' आणि 'गर्दी' एवढे शब्द पुरतात. नसणं, कोणी कोणाला धरलंय, चार की सहा, हे कळलं नाही तरी परीक्षा पास होते. म्हणून ते शिकलंच नाही. 'रिकामा घाट, शांत पाणी' लिहा. जे आहे ते सांगा.

आणि २६ वर थांबू नका. त्या २६ पैकी चांगले दहा निवडा, त्यांच्या आकड्यांची सरासरी काढा आणि तिच्यानं शोधा. शब्दांना रजा. V मध्ये सगळ्या फोटोंचे आकडे आहेत, प्रत्येकाची लांबी १ केलेली, असं धरून:

```python
q = V[picked].mean(axis=0)
q /= np.linalg.norm(q)
top = np.argsort(-(V @ q))[:60]
```

एक सावधगिरी. इथे गुण ०.७, ०.८ असे येतील. ते बघून 'शब्दांपेक्षा खात्री वाढली' असं समजू नका. अवकाश एकच म्हणतात खरं, पण त्यात फोटोंचा घोळका एका बाजूला बसतो आणि वाक्यांचा दुसऱ्या बाजूला. फोटो-फोटो मुळातच जवळचे. ०.२५ च्या वरचं घ्यायचं असा नियम केला असेल, तर तो इथे लावला की सगळे ४१,००० आत येतील.

डार्करूम
४३ आले! ६० पैकी ४३. चुकलेले बरेचसे तीच गर्दी, तोच रस्ता, पण काठी फ्रेमच्या बाहेर. तर मग माझा मूळ मुद्दा? पोरं बसवायची नाहीत ना?

जुनी_कार्डं
माझा विरोध आता सांगते. तुमच्या वडिलांनी गिरणीच्या दारात जमलेल्या लोकांचा फोटो काढला असेलच. पाळी सुटली म्हणून लोक बाहेर येताहेत की संप आहे म्हणून थांबलेत? दोन्ही फोटोंत तेच दार, त्याच टोप्या, तेच डबे. तुमच्या त्या ५१२ आकड्यांत हा फरक कुठे आहे?

जकार्ड
कुठेच नाही. हातात फलक असला तर काहीतरी हाती लागेल, नाहीतर नाही. फलकाचंही दुसरं टोक आहे: हे मॉडेल फोटोतली इंग्रजी अक्षरं वाचतं. मी एकदा टॉवेल शोधले तर वर आली 'TOWELS' अशी पाटी असलेली बंद दुकानं, आणि मागावरचे खरे टॉवेल खाली. देवनागरी पाटी असती तर एवढी गडबड झाली नसती.

पण जुनी_कार्डं, यावरून एकेक करून ४१,००० कॅप्शन लिहावीत असं मला नाही वाटत. शोधानं साठ फोटो एकत्र आणायचे, वडिलांसमोर ठेवायचे, ते सांगतील ते साठांना एकदम लावायचं.

जुनी_कार्डं
आणि त्या साठात १७ दुसरेच असतात, हे आत्ताच मोजून झालं. नंदीध्वज नसलेल्या १७ फोटोंवर 'नंदीध्वज' असं कायमचं लिहिलं जाईल. कॅप्शन नसलेला फोटो निदान खोटं बोलत नाही.

शेंगा_चटणी
मग त्या साठातून १७ काढायला एक पोरगा बसवा. दोन होते, एक तरी वाचला.

जकार्ड
साठातून १७ वेगळे करायला पाच मिनिटं लागतात, त्याला माझी ना नाही. मला सलतात ते साठाबाहेर राहिलेले १७. ते दिसतच नाहीत, त्यामुळे कोणी त्यांच्याबद्दल विचारतही नाही. गठ्ठा हातानं मोजला म्हणून इथे कळलं. उरलेल्या ३९,००० मध्ये कसं कळणार?

आत्या_विजापूर_रोड
अहो, वडील आहेत ना अजून? मग आधी त्यांनाच बसवा की समोर.

डार्करूम
आहेत. ऐंशी पूर्ण. काल गिरणीचा तो फोटो दाखवला. खरंच आहे तसा एक. म्हणाले, "संप नाही, पाळीही नाही. पगाराचा दिवस." आणि मग रांगेतल्या तिघांची नावं सांगितली. मी फोनवर रेकॉर्ड केलं. पोरांचं अजून ठरलेलं नाही.