थंडरबर्डमधले मेल गायब : आधी इंडेक्स बघा
>> थंडरबर्ड उघडायला दोन मिनिटं लागतात आणि इनबॉक्समधले मार्चचे मेल दिसतच नाहीयेत, उडाले का?

उडाले नसावेत हो. पीओपी अकाउंट असेल, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्याच मशीनवर ठेवले जात असतील, तर ते असतात `Inbox` नावाच्या एका लांबलचक फाइलमध्ये, आणि यादी दिसते ती शेजारच्या `Inbox.msf` मधून, म्हणजे पुस्तक शाबूत पण अनुक्रमणिका फाटली असा प्रकार. वर डिलीट केलेले मेलही कॉम्पॅक्ट करेपर्यंत त्या फाइलमध्येच पडून राहतात, त्यामुळे यादीत दोनशे मेल आणि फाइल मात्र ४ जीबीची असं दिसलं तर स्लो का झालं ते कळतंच.

आधी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड मेल आणि सेटिंग्ज जिथे ठेवतं तो, कॉपी करा, हे टाळू नका. मग इनबॉक्सवर राइट क्लिक, Properties, Repair Folder, आणि यादी परत भरेपर्यंत हात लावू नका. मेल दिसले की मगच Compact, आधी नाही, कारण कॉम्पॅक्टमध्ये ती मूळ फाइलच नव्याने लिहिली जाते.

आयमॅप असेल, म्हणजे मेल मुळात सर्व्हरवरच राहत असतील, तर आधी वेबमेलमध्ये बघा, तिथेच मेल नसेल तर रिपेअर करून काही यायचं नाही.

आणि मेल यादीत आहे पण फक्त सर्चमध्ये सापडत नाही, तर दोषी वेगळा, प्रोफाइल फोल्डरमधली सर्चची इंडेक्स फाइल `global-messages-db.sqlite`. थंडरबर्ड बंद असताना ती उडवा, नवी आपोआप बनते, पण मेल भरपूर असतील तर तासभर मशीन धापा टाकेल.