थांबण्याचा वेग मोजायचा तर गो/नो-गो पुरेसं आहे का?

सायली: एम.ए.च्या प्रबंधासाठी दहा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये स्वतःला आवरण्याची क्षमता मोजायची आहे. गाइड म्हणतात गो/नो-गो घे, सोपं आहे. वर्गातली मैत्रीण म्हणते स्टॉप-सिग्नलच घे, त्यात मिलिसेकंदांत आकडा मिळतो. दोन्ही एकच गोष्ट मोजत असतील तर सोपं ते का घेऊ नये?

अनघा: सोपंच घे. मी मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते आणि वर्षानुवर्षं गो/नो-गो वापरते आहे. हिरवा चौकोन आला की दाबायचं, लाल आला की नाही. पाच मिनिटांत मूल समजतं आणि दहा मिनिटांत चाचणी संपते. लालवर किती वेळा दाबलं ते मोजलं की मूल किती चटकन थांबतं ते कळतं. स्टॉप-सिग्नलला मुलं कंटाळतात, आणि कंटाळलेल्या मुलाचा आकडा काय कामाचा?

विद्याधर: अनघाताई, कंटाळ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण लालवर किती वेळा दाबलं यातून चुका कळतात, थांबण्याची गती कळत नाही. लाल दिसतो तेव्हा मुलाने अजून काही सुरूच केलेलं नसतं, न करण्याचा निर्णय आधीच होऊ शकतो. स्टॉप-सिग्नलमध्ये बाण दिसतो, हात दाबायला निघतो, आणि मग मध्येच ‘थांब’ सांगणारी बीप वाजते. निघालेली कृती मागे घ्यावी लागते. शिवाय गो/नो-गोमध्ये लाल नेहमी लालच असतो. शंभरेक फेऱ्यांनंतर लाल दिसला की हात आपोआपच अडतो, मुद्दाम आवरावं लागत नाही. बीप मात्र कोणत्याही बाणावर येऊ शकते.

सायली, गाइडांचा आग्रह असेल तर निदान लालचं प्रमाण कमी ठेव आणि चौकोन भराभर येऊ दे. निम्मे हिरवे, निम्मे लाल आणि मध्ये भरपूर वेळ, अशी रचना केली तर दाबण्याची ओढच तयार होत नाही. मग आवरलं काय, हा प्रश्न उरतो.

शिरीष: मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाची स्टॉप-सिग्नल चाचणी एका ठिकाणी झाली. रिपोर्टमध्ये आहे, 88 टक्के वेळा थांबला, नियंत्रण उत्तम. घरात तो एका जागी पाच मिनिटं बसत नाही. मी शेजारीच होतो. बाण आला की बोट बटणावर धरून बीपची वाट बघायचा, मग दाबायचा. मग नियंत्रण उत्तम कसं?

विद्याधर: शिरीषजी, तुम्ही पाहिलंत तेच खरं कारण आहे. बीप येईल या अंदाजाने थांबून राहिला की हात उशिरा निघतो आणि बीपला जिंकणं सोपं जातं. 1984 साली लोगन आणि कोवन यांनी मांडलेलं प्रारूप हेच सांगतं: दाबण्याची आणि थांबण्याची प्रक्रिया शर्यतीत असतात, जी आधी पोहोचते ती जिंकते.

म्हणून नीट चाचणीत मूल थांबलं की पुढच्या वेळी बीप 50 मिलिसेकंद उशिरा येते, न थांबलं तर तितकीच लवकर. असं करत यश निम्म्याच्या आसपास येतं. 88 टक्के यश म्हणजे एक तर बीपची वेळ ठरावीक होती, नाही तर ती पुढे सरकत सरकत वरच्या मर्यादेला जाऊन अडकली. 2019 मध्ये या क्षेत्रातल्या बऱ्याच संशोधकांनी मिळून नियम लिहिले आहेत. बीपनंतरही दाबण्याचं प्रमाण 25 ते 75 टक्क्यांच्या बाहेर गेलं तर थांबण्याचा वेळ काढायचाच नाही, असं त्यात आहे. तुमच्या मुलाचं 12 टक्के आहे. त्या रिपोर्टवरून त्याचं नियंत्रण चांगलं किंवा वाईट, काहीच ठरवू नका.

सायली: सर, पण थांबणं तर दिसत नाही. मग वेळ काढतात कसा? मला मिळालेल्या एका जुन्या पद्धतीत बाणावर दाबण्याच्या सरासरी वेळेतून बीपची सरासरी वेळ वजा केली होती.

विद्याधर: ती पद्धत सोड. उदाहरण घे. समजा 200 फेऱ्या, त्यात 50 बीपच्या. मुलाने बीप असूनही 23 वेळा दाबलं, म्हणजे 46 टक्के. बीप सरासरी 260 मिलिसेकंदांनी वाजली. उरलेल्या 150 साध्या फेऱ्यांत दाबायला सरासरी 560 लागले. तुझ्या पद्धतीने उत्तर 300. पण मुलांच्या वेळा कधीच सारख्या पसरलेल्या नसतात. काही फेऱ्या 900, 1000 पर्यंत रेंगाळतात आणि सरासरीला वर ओढतात. त्यापेक्षा त्या 150 फेऱ्यांच्या वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत लाव. बीपला 46 टक्के वेळा हरवलं, म्हणजे सगळ्यात वेगवान 46 टक्केच थांबण्याच्या आधी पोहोचले, म्हणून 46 टक्क्यांवरची, म्हणजे 69वी वेळ घे. समजा ती 505 आली. त्यातून 260 वजा कर. उत्तर 245. मूल तेच, डेटा तोच, फरक 55 मिलिसेकंदांचा. दोन गटांतला म्हणून छापला जाणारा फरक कित्येकदा याहून मोठा नसतो.

एक गोष्ट विसरू नकोस. समजा 150 पैकी 10 फेऱ्यांत मुलाने दाबलंच नाही. त्या फेकून दिल्यास यादी 140ची होते आणि चुकीच्या जागेवरची वेळ हाती येते. म्हणून त्या 10 जागी त्या मुलाचा सगळ्यात संथ वेळ भरायचा आणि 150चीच यादी ठेवायची. आणि शेवटी बघायचं, बीप असूनही दाबलेल्या फेऱ्या साध्या फेऱ्यांपेक्षा सरासरीने वेगवान आहेत का. शर्यतीत बीपला हरवणारे वेगवानच असले पाहिजेत. तसं नसेल तर त्या मुलाचा आकडा काढायचा नाही.

केतकी: विद्याधर सर, पद्धत तुम्ही चोख सांगितलीत, पण पायाच डळमळीत असेल तर? बीपमुळे दाबण्याची प्रक्रिया जराही बदलत नाही, हे या गणिताचं गृहीतक आहे. मुलांच्या मेंदूची वाढ अभ्यासणाऱ्या अमेरिकेच्या एबीसीडी प्रकल्पात अकरा हजारांहून अधिक मुलांवर ही चाचणी झाली आणि तिथे थांबण्याचं चिन्ह बाणाच्या जागीच यायचं. म्हणजे ते लवकर आलं की बाण धड दिसायचाच नाही. 2021 मध्ये बिसेट आणि सहकाऱ्यांनी हे उघड केलं. इतका पैसा, इतकी मंडळी, तरी हे झालं. प्रबंध करणाऱ्या मुलीकडून काय अपेक्षा करायची?

विद्याधर: ती चूक त्या रचनेची होती. बाण पडद्यावर तसाच ठेवून बीप कानाने ऐकवली की ती अडचण येत नाही.

केतकी: ती नाही, पण दुसरी येते. बीप फार लवकर, 200 मिलिसेकंदांच्या आत आली तर रचना चांगली असूनही गृहीतक मोडताना दिसलंय. आणि मुलाने बीप ऐकूनच घेतली नाही तर? लक्ष उडालं म्हणून थांबलं नाही, आणि गणित त्याला संथ ठरवतं. चंचल मुलांबद्दल नेमका हाच प्रश्न आहे: थांबणं संथ की लक्षच नाही? एकच आकडा दोन्ही एकत्र करून देतो.

विद्याधर: याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बीपकडे दुर्लक्ष झालेल्या फेऱ्या वेगळ्या काढणारी प्रारूपं आहेत, पण त्यांना भरपूर बीपच्या फेऱ्या लागतात. 50 हा साध्या आकड्यासाठीचा किमान, तिथे ती प्रारूपं लंगडतात. फेऱ्या वाढवाव्यात तर अनघाताईंचा कंटाळ्याचा मुद्दा परत येतो.

अनघा: म्हणजे मी अगदीच चूक नव्हते. माझ्या चुकांच्या मोजणीला मी यापुढे वेग म्हणणार नाही, पण चुकांची मोजणी म्हणून ती दहा मिनिटांत मिळते, हे तुम्हीही मान्य करा.

विद्याधर: मान्य. फक्त प्रबंधात त्यावरून मिलिसेकंदांची भाषा नको.

सायली: मग मी असं करते: 50 मिलिसेकंदांच्या पायरीने सरकणारी बीप, 240 फेऱ्या, त्यात 60 बीपच्या, मध्ये तीनदा विश्रांती. बीपची वाट बघू नका, बाण आला की लगेच दाबा, हे दर विश्रांतीनंतर पुन्हा सांगेन. पण मुलं हळूहळू संथ होत गेली तर काय? विश्रांतीपर्यंतच्या प्रत्येक तुकड्याचा वेळ वेगळा काढू?

विद्याधर: तुकड्यांत काढायची शिफारस आधी होत होती. नंतर दिसलं की तुकड्यात फेऱ्या फार कमी उरतात आणि अंदाज आणखी हलतो. आता सगळं सत्र एकत्र घेतात. फक्त प्रत्येक तुकड्याची दाबण्याची सरासरी वेळ शेजारी छाप. ती चढत जाणाऱ्या मुलाचा थांबण्याचा वेळ खऱ्याहून कमी निघू शकतो.

केतकी: आणि किती मुलं गाळलीस, का गाळलीस, तेही लिही. 60 मुलांमधून 20 नियमात बसली नाहीत तर माझा आक्षेप तुझ्या तक्त्यातच दिसेल.