‘व्यस्त’ म्हणजे एक भागिले, की उलटी वाट?

आकडेमोड: ‘इन्व्हर्स ट्रान्सफॉर्म सॅम्पलिंग’साठी, म्हणजे 0 ते 1 मधल्या यादृच्छिक आकड्यांवरून हव्या त्या शक्यतांचे आकडे काढण्याच्या रीतीसाठी, मी टिपणात ‘व्यस्त रूपांतर पद्धत’ लिहिलं. एका विद्यार्थ्याने सरळ 1/F(u) काढलं. त्याचं तरी काय चुकलं? शाळेत 5 चा गुणाकार व्यस्त 1/5 असाच शिकवतात. दुसरा शब्द आहे का?

जुनी वही: ‘प्रतिलोम’ घ्या. हिंदीत तोच चालतो.

आकडेमोड: मराठी कानाला प्रतिलोम विवाह आठवतो हो.

उभा-आडवा: आधी कृती बघू, मग शब्द सुचेल. दवाखान्यात दोन रुग्णांच्या येण्यात सरासरी 4 मिनिटं जातात असं धरा. x मिनिटांच्या आत पुढचा रुग्ण येण्याची शक्यता F(x) = 1 − e^(−x/4). याचा आलेख काढला की नेहमी आपण x वरून वर चढून उंची वाचतो. इथे उंचीच आधी ठरते: 0 ते 1 मधला कुठलाही आकडा u, सगळे सारख्याच शक्यतेचे. त्या उंचीवरून आडवं जायचं, वक्र लागला की खाली उतरायचं.

x = −4 ln(1 − u)

u = 0.5 ला 2.77 मिनिटं, 0.9 ला 9.21. वक्र सुरुवातीला भराभर चढतो, म्हणून निम्मे आकडे 2.77 च्या आतच पडतात. यात 1/F कुठेच नाही. मी वर्गात ‘उलट वाचन’ म्हणतो.

रांगेतला: पण ‘व्यस्त’च बरोबर आहे! अशीच अंतरं काढायला मी पायथनमध्ये `random.expovariate(4)` दिलं आणि सरासरी 0.25 आली, दिवसभर शोधत बसलो. 4 चा व्यस्त द्यायचा होता:

```python
random.expovariate(1/4)
```

उभा-आडवा: तो व्यस्त निराळा. तिथे मिनिटाला किती रुग्ण हा दर मागतात, आणि दर म्हणजे सरासरी अंतराचा गुणाकार व्यस्त. नेमकी हीच सरमिसळ त्या विद्यार्थ्याची झाली.

जुनी वही: u सारखाच 1 − u सुद्धा 0 ते 1 मध्ये समान पसरलेला. मग −4 ln u लिहिलं की झालं, वजाबाकी वाचली.

उभा-आडवा: कागदावर अगदी बरोबर. पण u देणाऱ्या `random.random()` मधून 0 येऊ शकतो, 1 कधीच येत नाही. 0 आला की `math.log(0)` चूक दाखवून थांबतं. वेळ क्वचितच येते, 2^53 मध्ये एकदा. पण 32 बिटांचे आकडे घेतले तर अब्जावधींच्या चाचणीत गाठ पडतेच. म्हणून 1 − u राहू द्या.

आकडेमोड: ‘उलट वाचन’ वर्गात चालेल, पण परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत?

जुनी वही: तिथे ‘व्यस्त फलन’ पूर्ण लिहा. नुसतं ‘व्यस्त’ नको.

रांगेतला: मला अजून ‘व्यस्त’ म्हटलं की 1/4 च दिसतो.