मदत हवी आहे: पहिली मुलाखत फसली, आराखडा बदलला. चिंतन-नोंदीत हे कसं मांडू?

कोरी_वही:
प्रबंधाचा विषय आहे रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका झोपेचं कसं जमवतात. पहिली मुलाखत तासाभराची धरली होती, १९ मिनिटांत आटोपली. हातात २२ प्रश्न, वेळ पाळी संपल्या संपल्या, जागा वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेची खोली. "झोप पुरेशी होते का?" "हो, होते." "थकवा जाणवतो?" "सवय झालीय." सगळं असंच. रेकॉर्डर बंद केला आणि त्या सहज म्हणाल्या, "आता घरी गेले की आधी पडद्याला कपड्यांचे चिमटे लावायचे, नाहीतर फटीतून ऊन थेट डोळ्यावर."
आता बदल असा: आधी ७ दिवस झोपेची डायरी, मग ती समोर ठेवून मुलाखत, आणि १२ ऐवजी ८ जणी. नोंद ८०० शब्दांची हवी आहे. माझा मसुदा "मी घाबरले होते, पुढच्या वेळी सुधारेन" इथेच अडकतो.

अर्धविराम:
सोपं आहे. गिब्जच्या १९८८च्या चक्राच्या सहा पायऱ्या घ्या: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती-आराखडा. प्रत्येकीला सव्वाशे-दीडशे शब्द. फसलेली मुलाखत 'पूर्वचाचणी' म्हणून बाजूला काढा, विषय संपला.

डबा_बाटली:
माझंही रेकॉर्डिंग असंच उडालं होतं, मेमरी भरली होती. दोन यंत्रं ठेवत जा.

कोरी_वही:
रेकॉर्डिंग शाबूत आहे हो, त्यात काही नाही हीच अडचण आहे :)

तळटीप:
पायऱ्या बरोबर, पण शब्द समान वाटू नका. वर्णन शंभर शब्दांत उरका, निम्मी जागा विश्लेषणाला द्या. 'घाबरले होते' हे कारण म्हणून फारसं कामाचं नाही, कारण त्यातून आराखड्यातला कुठलाच बदल निघत नाही. लिप्यंतर उघडा आणि प्रत्येक प्रश्नासमोर खूण करा: हो-नाहीत उत्तर देता येतं का, एकंदरीत कसं असतं ते विचारलंय का, की एखाद्या ठरावीक दिवसाबद्दल आहे? शेजारी उत्तराचे शब्द मोजून लिहा.

कोरी_वही:
केलं. १४ हो-नाही, ६ एकंदरीत, २ ठरावीक दिवसाबद्दल. सगळ्यात लांब दोन्ही उत्तरं त्या दोनांचीच निघाली!

तळटीप:
मग नोंदीचा कणा मिळाला. पण इथे घाई नको, कारण संशयित एक नाही, तीन आहेत. प्रश्नांची घडण, जागा आणि वेळ. वरिष्ठांच्या खोलीत "झोप होत नाही" म्हणणं म्हणजे कामावर पेंगते अशी कबुली देण्यासारखं, त्यामुळे "होते" हेच सुरक्षित उत्तर. आणि रात्रभर जागलेल्या माणसाला घरी पळायचं असतं. डायरी यातल्या पहिल्यावरच उपाय आहे: 'एकंदरीत'च्या जागी 'मंगळवारी साडेदहाला उठलात, तेव्हा काय झालं?' असं विचारता येतं. जागा तीच ठेवली तर डायरीतही सुरक्षित उत्तरंच येतील. म्हणून कारण आणि बदल जोडीने लिहा. एकाच मुलाखतीवरून तिन्ही कारणं वेगळी काढता येत नाहीत, हेही स्पष्ट लिहा.
डायरीची किंमतही लिहा. रोज नोंद करायला लागलं की माणूस झोपेकडे जास्त लक्ष देतो, म्हणजे जे पाहायचंय तेच थोडं हलतं. शिवाय शेवटच्या दिवशी बसून सातही दिवस भरले जातात. सगळ्या वेळा ६:००, ६:३० अशा ठोकळ दिसल्या, अक्षर आणि शाई एकसारखी दिसली, की शंका घ्या.

अर्धविराम:
१२च्या ८ का, हे परीक्षक विचारणारच.

तळटीप:
बरोबर. 'वेळ नव्हता' लिहू नका. प्रत्येकीशी आता दोन भेटी आणि सात दिवसांची सामग्री आहे, माणसं कमी पण खोली जास्त, असा हिशेब मांडा. आणखी एक: डायरी हे नवं साधन आहे. माहितीपत्रक आणि संमतीपत्र बदलून नैतिकता समितीची सुधारित मंजुरी आधी घ्या, वाटप नंतर. नोंदीत दोन्ही तारखा येऊ द्या. आणि मुलाखतीच्या दिवशी लिहिलेला 'घाबरले' मजकूर आता सुधारू नका. तो तसाच ठेवून खाली नव्या तारखेने लिहा. विचार कुठे वळला ते त्यातूनच दिसतं.

कोरी_वही:
आणि चिमट्यांचं वाक्य? तेच तर सगळ्यात बोलकं आहे.

तळटीप:
रेकॉर्डर बंद झाल्यावरचं आहे. त्यांना विचारा, होकार मिळाला तरच शब्दशः वापरा. तोवर "औपचारिक भाग संपल्यावर तपशील आले" एवढंच लिहा.

अर्धविराम:
मी तरी पहिली मुलाखत विश्लेषणात घेणार नाही. साधन वेगळं, जागा वेगळी.

तळटीप:
मी घेईन, वेगळी खूण करून. लोक काय बोलायचं टाळतात हीसुद्धा सामग्रीच. मार्गदर्शकांना विचारून ठरवा, यावर दोन्ही बाजूंचे लोक भेटतील.

कोरी_वही:
त्या बाईंना उद्या फोन करते. जागा मात्र अजून सापडलेली नाही.