मदत हवी आहे : कॅन्टिलिव्हर पट्टीची फ्रिक्वेन्सी जुळत नाहीये

थर्डइयर_मेक: सोलापूरचा आहे, गड्ड्याच्या जत्रेआधी जर्नल द्यायचंय. पट्टी स्वतःच्या वजनानं टोकाला ८.३ मिमी वाकते, f = (1/2π)√(g/δ) मध्ये टाकलं की साडेपाच हर्ट्झ येतात आणि प्रत्यक्षात ६.७ मिळतायत, दोनदा करून बघितलं, कुठं चुकतंय लवकर सांगा.

जुना_फिटर: व्हाईस सैल असणार. निम्म्या भानगडी पकडीतच निघतात.

गणिती_काका: पट्टी कसली, लांबी-जाडी किती? आणि ६.७ कशानं मोजलं? टोकाला मोबाईल चिकटवला असेल तर त्याच्या वजनानंच सगळं बिघडतं.

थर्डइयर_मेक: एमएस फ्लॅट, २५ बाय ३, व्हाईसच्या बाहेर ६०० मिमी. मोबाईल चिकटवला नाही ओ, २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढला, १० हेलकाव्यांना ३५८ फ्रेम.

गणिती_काका: मग मोजमाप ठीक आहे, सूत्र चुकलंय. हे सूत्र सगळं वजन टोकाला टांगलेलं असेल तेव्हाचं. तुमचं वजन लांबीभर पसरलंय. वाकताना ते एकूण वजनाचे ३/८ टोकाला टांगल्यासारखं वागतं, पण हलताना मुळाजवळचा भाग जवळपास जागचा हलतच नाही, त्यामुळे टोकाशी जेमतेम पाव भाग, ०.२४३, हलतोय असं धरावं लागतं. ०.३७५ भागिले ०.२४३, वर्गमूळ १.२४. त्यानं ५.४७ ला गुणा, ६.८ आले. मिमीत δ असेल तर थेट 19.6/√δ.
फिटरसाहेब, सैल पकडीनं फ्रिक्वेन्सी उतरते, पण δ सुद्धा वाढतो, त्यामुळे १.२४ चा फार तर १.२२ होईल. २० टक्क्यांचा फरक त्यातून निघत नाही.

चादरवाला: आमच्या एमआयडीसीतल्या लूमला ब्रॅकेटवर मोटर आहे, लई थरथरतंय, रबर पॅड कुठले घेऊ?

गणिती_काका: तुमच्यात मोटर टोकाला आहे आणि ब्रॅकेटपेक्षा बरीच जड असेल, तर 15.8/√δ चालेल. मोटर ठेवायच्या आधी नि नंतर डायल लावून बघा. ०.४ मिमी वाकत असेल तर २५ हर्ट्झ, आणि १४४० आरपीएमची मोटर फिरते २४ वर, थरथरणारच. पॅड नको, ब्रॅकेटला तिरका आधार वेल्ड करा.

चादरवाला: वेल्डिंगला लूम बंद ठेवावा लागेल ना पण.

जुना_फिटर: पोरा, पट्टी आधीच वाकडी असेल तर? उलटी करून परत मोज आणि सरासरी घे.

थर्डइयर_मेक: केली. उलटीला ७.९. सरासरी ८.१, म्हणजे ६.९ यायला पाहिजेत, मिळतात ६.७ च.

जुना_फिटर: बघ, पकड.

गणिती_काका: नाही हो. δ मध्ये अर्धा मिमी चुकला की फ्रिक्वेन्सीत ३ टक्के जातात. शून्य कुठून धरलं ते सांगा आधी.

थर्डइयर_मेक: व्हाईसच्या जबड्यापासून दोरी ताणून, अंदाजानं आडवी.