ओझोन वाचवणारा गॅस पृथ्वी तापवतो तेव्हा

"ओझोनला भोक पडलं, त्यातून जास्त ऊन येतं, म्हणूनच पृथ्वी तापतेय ना?"

नाही. भोकातून जास्तीचे येतात ते अतिनील किरण. त्यांनी त्वचा नि डोळे बिघडतात, पण त्यांची उष्णता अगदी थोडी. पृथ्वी तापते ती जमिनीवरून परत जाणारी उष्णता कार्बन डायऑक्साइडसारखे वायू अडवतात म्हणून.

फ्रिजच्या गॅसवरून हा फरक नीट कळतो. पूर्वी फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. तो वर स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या हवेच्या पट्ट्यात पोचला की अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू हजारो ओझोन रेणू मोडतो. (हा गॅस उष्णताही जबरदस्त अडवतो, गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो.) ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्याच्या जागी आर-१३४ए आला. त्यात क्लोरीनच नाही, त्यामुळे ओझोनला धक्का नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता अडवतो! असे गॅस कमी करायला २०१६ साली रवांडातल्या किगालीत त्याच करारात दुरुस्ती करावी लागली.

तुमचा फ्रिज अलीकडचा असेल तर मागचं लेबल बघा, बहुतेक आर-६००ए लिहिलेलं असेल. हा आयसोब्युटेन. ओझोनला अपाय नाही, तापमानवाढीतही वाटा नगण्य, पण ज्वालाग्राही आहे. तेव्हा गॅस भरायला येणाऱ्या मेकॅनिकला आधी ते लेबल दाखवा.